पाचवा काउंटर उघडायचा का?

तालुक्याच्या गावातली, बाजारपेठेच्या तोंडाशी असलेली एक बँक शाखा समजा. सकाळी ११ ते १ या गर्दीच्या वेळात तासाला ५४ माणसं येतात. कुणाला पैसे भरायचे असतात, कुणाला काढायचे, कुणाला पासबुकात एंट्री मारून हवी असते. एका माणसाच्या कामाला सरासरी ४ मिनिटं लागतात, म्हणजे एक काउंटर तासाला १५ जणांना मोकळं करतो. मग काउंटर किती हवेत? ५४ ला १५ ने भागलं की ३.६ येतात. साडेतीन माणसं बसवता येत नाहीत, म्हणून चार. चार काउंटर तासाला ६० जणांचं काम करू शकतात आणि येणार आहेत ५४. उलट थोडी जागा शिल्लकच राहते.

भागाकारात चूक काहीच नाही. तरीही त्या शाखेत ११ वाजल्यापासून रांग लागते, लोक घड्याळाकडे बघतात आणि शाखाधिकारी केबिनमधून बाहेर यायचं टाळतात. कारण ५४ हा आकडा तासाचा आहे, आणि माणसं तासाच्या हिशेबाने येत नाहीत. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून बघा. सरासरी एका तुकड्यात ९ जण येतात आणि चार काउंटर तेवढ्या वेळात १० जणांचं काम करतात. पण एखाद्या तुकड्यात १३ येतात, एखाद्यात ५. गणित सांगतं की लोक आपापल्या सवडीने, एकमेकांना न विचारता येत असतील, तर दर दहा तुकड्यांपैकी साधारण तीन तुकड्यांत १० पेक्षा जास्त माणसं येणारच. १३ आले की तीन जण मागे राहतात. पुढच्या तुकड्यात ५ आले तर ते तिघे निघून जातील, हे खरं. पण १३ च्या आधी ५ येऊन गेले असतील, तर तेव्हा काउंटरवरच्या माणसाला मिळालेला रिकामा वेळ आता उपयोगी पडत नाही. तो साठवून ठेवता येत नाही. गर्दी मात्र साठते. रांगेचं सगळं मूळ या एकतर्फी व्यवहारात आहे.

या व्यवहाराचा हिशेब पहिल्यांदा मांडला गेला तो बँकेसाठी नाही, टेलिफोनसाठी. आग्नेर क्रारुप एर्लांग हा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत कामाला होता. एक्स्चेंजमध्ये किती लाइनी ठेवल्या तर लोकांना बेताचं थांबावं लागेल, हा कंपनीचा प्रश्न होता. कॉल कसे येतात याचं गणित त्याने १९०९ मध्ये मांडलं, आणि १९१७ मध्ये अनेक लाइनी असताना वाट किती बघावी लागेल याची सूत्रं दिली. लाइनच्या जागी काउंटर आणि कॉलच्या जागी माणूस ठेवला की तीच सूत्रं बँकेला लागू पडतात. कामाचा भार मोजायच्या एककालाही त्याचंच नाव आहे: आपल्या शाखेचे ते ३.६ म्हणजे ३.६ एर्लांग.

अनेक काउंटरचं सूत्र लांबलचक आहे. ते संगणकाच्या तक्त्यावर सोडून देऊ. पण एकाच काउंटरचं सूत्र पोस्टकार्डावर मावेल एवढं आहे आणि सगळी मेख त्यातच दिसते. काउंटर किती वेळ कामात गुंतलेला असतो त्याला व्यस्तता म्हणू. ९० टक्के असेल तर ०.९. मग

वाट = एका कामाचा वेळ × व्यस्तता ÷ (१ − व्यस्तता)

काम ४ मिनिटांचं धरा. काउंटर निम्मा वेळ गुंतलेला असेल तर सरासरी वाट ४ मिनिटं. व्यस्तता ८० टक्के झाली की १६ मिनिटं. ९० टक्क्यांना ३६ आणि ९५ टक्क्यांना ७६ मिनिटं. ५० वरून ८० टक्क्यांपर्यंत तीस टक्क्यांच्या चढाला बारा मिनिटं वाढली, आणि शेवटच्या पाच टक्क्यांनी एकदम चाळीस. भागाकाराने काढलेलं उत्तर नेमकं या चढावर नेऊन उभं करतं. ५४ भागिले ६० म्हणजे ९० टक्के.

आता चारही काउंटर एकत्र धरून एर्लांगच्या सूत्रात घालू. दारातून आत आलेल्यांची एकच रांग आहे आणि जो काउंटर मोकळा होईल तिथे पुढचा माणूस जातो, असं समजा. चार काउंटर असतील तर सरासरी वाट जवळजवळ ८ मिनिटं येते आणि कुठल्याही क्षणी सरासरी सात माणसं उभी असतात. पाच केले तर वाट सव्वा मिनिटाच्या आत येते. सहा केले तर वीस सेकंद. म्हणजे पाचव्या काउंटरने जवळजवळ सात मिनिटं वाचवली आणि सहाव्याने एक मिनिटही नाही. किती काउंटर हवेत याचं उत्तर अशा उतारावर कुठे थांबायचं ते ठरवून मिळतं, भागून मिळत नाही.

सरासरी हा आकडाही थोडा फसवा असतो. आठ मिनिटं सरासरी म्हटल्यावर कुणाला वाटेल, एवढं काय मोठं. पण चार काउंटरवर दर शंभरातले २९ जण दहा मिनिटांहून जास्त थांबलेले असतात. तक्रारवही मागतात ते हेच. पाच काउंटरवर असा शंभरात एखादाच निघतो. मला विचाराल तर शाखेने ध्येय ठरवताना सरासरीऐवजी हाच प्रश्न विचारावा: दहा मिनिटांवर थांबणारे किती चालतील?

पाचव्या काउंटरचा विषय निघाला की हेड कॅशियरचं म्हणणं ठरलेलं असतं: "साहेब, तिथे माणूस बसवला तर तो निम्मा वेळ माश्या मारत बसेल." निम्मा नाही, पण २८ टक्के वेळ बसेल, हे खरं आहे. ५४ भागिले ७५, व्यस्तता ७२ टक्के. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेला तो रिकामा वेळ खुपतो. पण ग्राहकाची सात मिनिटं त्या रिकाम्या वेळातूनच आलेली असतात. कर्मचारी शंभर टक्के कामात आणि ग्राहक बिनरांगेत, अशी सोय लोकांचं येणं बेभरवशाचं असेपर्यंत कुठल्याही सूत्रात नाही.

तरीही पाचवा माणूस मागण्याआधी एक गोष्ट बघायला हवी, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे. वरचा हिशेब एकाच रांगेचा होता. पुष्कळ शाखांत प्रत्येक खिडकीसमोर वेगळी रांग असते. माणसं तीच, काउंटर तेच चार, पण आता प्रत्येक खिडकीच्या वाट्याला तासाला साडेतेरा जण येतात. व्यस्तता तीच ९० टक्के. पोस्टकार्डावरचं सूत्र लावा: वाट ३६ मिनिटं. एका रांगेत ८ आणि चार रांगांत ३६! कारण असं की वेगळ्या रांगांत एका खिडकीसमोर सहा जण ताटकळत असतात आणि त्याच वेळी दुसरी खिडकी रिकामी असू शकते. शिवाय पुढे चिल्लरची पिशवी घेऊन कुणी उभा असला तर त्याच्या मागचे सगळे त्याच्याबरोबर अडकतात. प्रत्यक्षात फरक इतका मोठा राहत नाही. लोक चलाख असतात, शेजारची रांग सरकलेली दिसली की तिकडे उडी मारतात. पण ज्याला उडी मारता येत नाही, काठी टेकत उभे असलेले आजोबा किंवा कडेवर मूल असलेली बाई, त्यांच्या वाट्याला ३६ च्या जवळचाच आकडा येतो.

आता पाच काउंटर, पण पाच वेगळ्या रांगा, असा हिशेब करून बघा. वाट साधारण १० मिनिटं येते. चार काउंटर आणि एक रांग यांत ८ होती. म्हणजे रांगा एकत्र केल्या तर एका पगाराइतकं काम होतं, आणि त्याला लागतो एक दोर किंवा टोकन मशीन.

टोकन मशीन बसवूनही हे काम बिघडवता येतं, आणि बिघडवलं जातं. पैसे भरणाऱ्यांना एका अक्षराचे टोकन, काढणाऱ्यांना दुसऱ्या, पासबुकवाल्यांना तिसऱ्या, आणि प्रत्येक अक्षराला ठरलेली एक खिडकी. खुर्चीवर बसायला मिळालं एवढंच. रांगा परत वेगळ्या झाल्या. एखाद्या कामाला खरोखर वेगळे अधिकार किंवा वेगळं यंत्र लागत असेल तरच त्याची वाट वेगळी करावी. बाकीच्या खिडक्यांवर प्रत्येकाने प्रत्येक काम करावं.

या हिशेबाला दोनच आकडे लागतात, येण्याचा दर आणि कामाचा वेळ. दोन्ही मोजताना चकवे आहेत. येण्याचा दर पावत्यांच्या संख्येवरून काढला तर तो कमी निघतो, कारण रांग बघून दारातूनच परत गेलेला माणूस पावतीत सापडत नाही. चार-पाच गर्दीच्या दिवशी दाराशी एक माणूस बसवून दर दहा मिनिटांनी आत येणाऱ्यांच्या रेघा मारून घेणं, हा जुना उपाय अजूनही सर्वांत खात्रीचा. कामाच्या वेळेचं उलट होतं. टोकन मशीन एक नंबर बोलावल्यापासून पुढचा नंबर बोलावेपर्यंतचा वेळ नोंदवत असेल, तर सकाळच्या निवांत वेळी कॅशियर रिकामा बसलेला असतानाची मिनिटंही कामात धरली जातात. त्यामुळे सरासरी ४ ऐवजी ६ दिसते आणि शाखा विनाकारण दोन माणसं जास्त मागते. हा वेळ फक्त रांग लागलेली असतानाच मोजावा. तेव्हा रिकामेपण मध्ये शिरत नाही.

वाट मोजायला मात्र घड्याळ घेऊन कुणाच्या मागे फिरावं लागत नाही. रांगेत सरासरी किती माणसं असतात त्याला येण्याच्या दराने भागलं की सरासरी वाट मिळते. हा नियम लोक आधीपासून वापरत होते, पण त्याची पक्की सिद्धता जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकाने १९६१ मध्ये दिली. दर पाच मिनिटांनी थांबलेली डोकी मोजा. सरासरी सात आली तर ७ भागिले ५४ तास, म्हणजे पावणेआठ मिनिटं. कॅमेऱ्याच्या चित्रणावरूनही हे घरबसल्या होतं. लोक कसे येतात, कोण किती वेळ घेतं, यावर हा नियम अवलंबून नाही, म्हणून सूत्राने काढलेलं उत्तर तपासायलाही तो चालतो.

दारावर रेघा मारतानाच माणूस कशासाठी आला हे टिपून घेतलं तर आणखी एक वाट सापडते. समजा ५४ पैकी १८ जण फक्त पासबुक भरून घ्यायला येतात आणि त्यांना दीड मिनिट लागतं. उरलेल्या ३६ जणांना सव्वापाच मिनिटं लागतात. एकत्रित सरासरी तीच, ४. आता दाराजवळ पासबुक छापणारं यंत्र बसवून ते १८ जण तिकडे वळवले. चार काउंटरवर येणारे एक तृतीयांश कमी झाले, पण कामाचा भार फक्त आठव्या हिश्शाने घटला, कारण गेले ते झटपट सुटणारे होते. भार ३.६ वरून ३.१५ वर आला. एवढ्याशा फरकाने वाट मात्र ८ मिनिटांवरून साडेतीनवर येते. चढाच्या टोकावर असताना अर्धं पाऊल मागे घेतलं तरी पुष्कळ उतरायला होतं. हे यंत्र पाचव्या काउंटरच्या बरोबरीचं नाही, पण निम्म्याहून जास्त काम तेच करतं. अट एकच, ते चालू असायला हवं. "मशीन बंद आहे" अशी पाटी लागली की १८ जण परत रांगेत.

सूत्राची गृहीतकं कुठे मोडतात हेही बघायला हवं. लोक एकमेकांशी संबंध न ठेवता येतात, हे पहिलं गृहीतक. एसटी स्टँडाशेजारच्या शाखेत ते टिकत नाही. खेड्यावरची गाडी लागली की पंधरा जण एकदम आत येतात. ओळखायची खूण सोपी आहे. गर्दीच्या तासांतले दहा-दहा मिनिटांचे आकडे मांडा. सरासरी ९ असेल आणि बहुतेक आकडे ६ ते १२ मध्ये पडत असतील, तर सूत्र चालेल. ३, १७, ४, २० असे उड्या मारणारे आकडे असतील, तर माणसं घोळक्याने येत आहेत आणि सूत्राने सांगितलेल्यापेक्षा वाट जास्तच असणार. कामाच्या वेळेबाबत चूक बहुधा उलट्या बाजूला होते. एर्लांगच्या सूत्रात कामाचे वेळ फार विखुरलेले धरले आहेत. बँकेतले वेळ सहसा तेवढे विखुरलेले नसतात, त्यामुळे खरी वाट थोडी कमी निघते. सगळ्यांना नेमकी चार-चार मिनिटंच लागली असती तर ती निम्म्याच्या आसपास आली असती.

सकाळी दहाला शटर वर जाताना बाहेर आधीच वीस जण उभे असतात, तिथेही सूत्र गप्प बसतं. लिंक जाते तेव्हाही तसंच. ११ नंतर वीस मिनिटं सर्व्हर बंद राहिला तर १८ माणसं साठतात. चार काउंटर तासाला ६० सोडतात आणि ५४ नवे येतात, म्हणजे साठलेल्यांतले तासाला फक्त ६ कमी होतात. गर्दी तशीच राहिली तर तो ढीग उपसायला तीन तास लागतील. पाच काउंटर असतील तर पाऊण तासापेक्षा थोडं जास्त. दुपारी दोन वाजता हॉल का भरलेला आहे याचं उत्तर कधी कधी सव्वाअकराच्या लिंकमध्ये असतं, आणि त्या वेळी खिडकीवर बसलेल्याला त्यासाठी बोल लावण्यात अर्थ नसतो.

आता प्रत्यक्ष ड्युटी लावायची. सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते: दिवसभराच्या सरासरीवर काउंटर ठरवणं. आपल्या शाखेत १० ते ४ मध्ये २१६ माणसं येतात असं धरा. तासाला ३६. या आकड्यावर तीन काउंटरला सरासरी वाट सव्वाचार मिनिटं येते. कागदावर छान दिसतं. पण ती माणसं अशी वाटलेली असतात: १० ते ११ मध्ये ३०, पुढच्या दोन तासांत ५४ आणि ५४, मग ३०, २७ आणि शेवटच्या तासात २१. तीन काउंटर तासाला ४५ सोडतात. ५४ आल्यावर दर तासाला नऊ जण शिल्लक राहतात, एक वाजेपर्यंत अठरा. त्या वेळी आत आलेल्याला नुसती ती अठरा माणसं संपेपर्यंत २४ मिनिटं थांबावं लागतं. ही रांग नशिबाची नाही. तिथे क्षमताच कमी पडली आहे.

म्हणून प्रत्येक तासाचा हिशेब वेगळा. ३० आणि २७ च्या तासांना तीन काउंटर पुरतात, वाट दोन मिनिटांच्या आत. २१ च्या तासाला दोन पुरतात, वाट चार मिनिटांच्या आत. ११ ते १ ला पाच. बेरीज केली तर ३, ५, ५, ३, ३ आणि २, मिळून २१ काउंटर-तास. दिवसभर चार काउंटर उघडे ठेवले तर २४ होतात, आणि तरीही ११ ते १ मध्ये ८ मिनिटांची वाट असते. म्हणजे पाचवा काउंटर उघडूनही तीन तास वाचले. त्यासाठी नवा माणूस लागत नाही. कर्जाच्या फायली किंवा क्लिअरिंग बघणारा कुणी दोन तास पुढे येऊन बसला, आणि जेवणाच्या सुट्या १ नंतर एकेकाने घेतल्या, की जमतं. कामकाजाच्या वेळात एकही काउंटर माणसाविना राहू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या सूचनांत आहेच. साडेबाराला दोघे एकदम डबा उघडायला गेले तर पाचाचे तीन होतात, आणि तीन काउंटरवर ५४ माणसं म्हणजे काय ते वर आलंच आहे.

पेन्शनच्या दिवसांचा आणि नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी होणाऱ्या गर्दीचा तक्ता मात्र वेगळाच करावा लागेल. त्या दिवशी ११ ते १ मध्ये तासाला ७२ जण आले तर पाच काउंटरची व्यस्तता ९६ टक्क्यांवर जाते आणि वाट १८ मिनिटांवर. सहावा उघडला तर पावणेदोन मिनिटं. इतर दिवशी ज्या सहाव्या काउंटरने एक मिनिटही वाचवलं नव्हतं, तो त्या दिवशी सोळा मिनिटं वाचवतो. तेव्हा सहावी खिडकी बांधून, तिथे संगणक आणि नोटा मोजायचं यंत्र जोडून ठेवावं, आणि महिन्यातले बाकीचे दिवस तिचं शटर खुशाल बंद राहू द्यावं.